१ जूनचा वाढदिवस : शाळेचे प्रकट कार्य आणि सुप्त कार्य

(सोलापूर येथे शिक्षक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. एकाच दिवशी एकाच कचेरीत तीन-तीन, चार-चार शाली-श्रीफळे दिली जातात, हारवाल्याला उसंत नसते. याचे कारण सेवानियमांत आहे. ज्या कर्मचाऱ्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असतो, तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मे रोजी निवृत्त होणारी ही सारी मंडळी कागदोपत्री १ जूनला जन्मलेली असतात. एका विशिष्ट पिढीतील एवढ्या माता नेमक्या १ जूनलाच प्रसूत झाल्या, असे कोणी मानणार नाही. या मुलांचा जन्म ज्या त्या दिवशी झाला. त्यांची जन्मतारीख मात्र शाळेत जन्माला आली.

गावातला बाप मुलाला घेऊन शाळेत येई. गुरुजी विचारीत, जन्म केव्हाचा? उत्तर मिळे, "मोठ्या दुष्काळाच्या पुढल्या साली, आषाढी वारीच्या सुमारास." वहीत तर दिवस, महिना आणि वर्ष असे तीनही लिहावे लागत. प्रवेशाचे वय शाळा सुरू होताना पूर्ण असले पाहिजे, आणि शाळा सुरू होणार जूनमध्ये. गुरुजी मुलाकडे एकदा पाहत, दात पडलेत का बघत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचतो का तेही तपासत आणि १ जून लिहून मोकळे होत. त्यांचे काम झालेले असे. त्या एका ओळीने मुलाची नोकरीतील प्रवेशाची आणि निवृत्तीची तारीख ठरून गेली, हे त्या घटकेला ना गुरुजींच्या मनात होते, ना बापाच्या.

समाजशास्त्रात ज्याला प्रकट कार्य आणि सुप्त कार्य म्हणतात, तो भेद या एका ओळीत पुरेपूर दिसतो. काही पाठ्यपुस्तके त्यांना व्यक्त आणि अव्यक्त कार्य म्हणतात, अर्थ तोच. हा भेद नीट मांडला तो रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने, १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. (मर्टन हे त्यांनी तरुणपणी स्वीकारलेले नाव, जन्मनाव मेयर श्कोल्निक. कागदावरचे नाव आणि घरातले नाव यांतील अंतर त्यांना ठाऊक होते म्हणायचे.) एखाद्या संस्थेचे वा प्रथेचे जे परिणाम तीत भाग घेणाऱ्यांना अपेक्षित असतात आणि दिसतही असतात, ते तिचे प्रकट कार्य. जे परिणाम कोणी योजलेले नसतात, बहुधा कोणाच्या लक्षातही आलेले नसतात, आणि तरीही ज्यांच्यावाचून समाजाचे अडते, ते तिचे सुप्त कार्य.

मर्टन यांनी दिलेले उदाहरण होपी या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या पर्जन्यविधीचे आहे. सोलापूर जिल्ह्याला त्यासाठी समुद्रापार जाण्याची गरज नाही. पावसाने ओढ दिली की खेड्यापाड्यांतून धोंडी निघते. कडुनिंबाचे डहाळे नेसलेल्या मुलाच्या अंगावर दारोदार पाणी ओतले जाते. पाऊस पडावा हा प्रकट हेतू. पाऊस त्यामुळे पडत नाही, हे सांगून शहाणा माणूस घरी जातो. पण विखुरलेले, हवालदिल झालेले गाव त्या दिवशी एकत्र येते, प्रत्येक दारातून मूठभर धान्य निघते, हा परिणाम पाऊस न पडताही घडतो. प्रथेला नुसते खुळचट म्हणणाऱ्याच्या नजरेतून नेमका तोच निसटतो.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. सुप्त म्हणजे कोणी मुद्दाम लपवलेले नव्हे. संस्थेचे सुप्त कार्य शोधणे म्हणजे तिच्या चालकांचा छुपा डाव उघडकीस आणणे, असा अर्थ अलीकडच्या वादविवादांत सर्रास घेतला जातो. तो चुकीचा आहे. छुपा डाव ज्याने रचला त्याला तरी तो ठाऊक असतो. म्हणजे त्याच्यापुरता तो हेतूच झाला. सुप्त कार्यात हेतूच नसतो. हेतू माणसाच्या मनात शोधावा लागतो आणि कार्य परिणामांत, ही या विषयातली पहिली पायरी आहे.

आता त्या वहीकडे वळू. प्रत्येक शाळेत एक जाडजूड पुठ्ठ्याची वही असते. तिला जनरल रजिस्टर किंवा प्रवेश-निर्गम नोंदवही म्हणतात. तीत विद्यार्थ्याचा अनुक्रमांक, नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. या वहीचे प्रकट कार्य अगदी साधे आहे. कोण मूल आले, कोण गेले, कोणत्या इयत्तेत बसले, याचा हिशेब. शाळेच्या मोठ्या प्रकट कार्याच्या, म्हणजे शिकवण्याच्या, सोयीसाठी ठेवलेली ही कारकुनी. तपासणीला येणारे साहेब ती पाहत, सही करीत आणि वही पुन्हा कपाटात जाई.

सोलापूरच्या पूर्व भागातील एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. अशी कुटुंबे येथे हजारोंनी आहेत. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली. गिरण्यांच्या आणि हातमागाच्या आधाराने तेलंगणातून पद्मशाली विणकर येथे येत राहिले आणि वसले. त्यांपैकी एका विणकराने १९५४ साली आपला मुलगा नगरपालिकेच्या तेलुगू शाळेत घातला. मुलगा दोन वर्षे शिकला. मग माग चालवायला हात कमी पडू लागले आणि त्याचे नाव निघाले. प्रकट कार्याच्या मापाने पाहिले तर या मुलाबाबत शाळा सपशेल अपयशी ठरली. त्याला धड वाचता आले नाही, उजळणी वीसपर्यंतच राहिली. शिक्षणाच्या अहवालात तो गळतीच्या आकड्यात जमा झाला असता.

त्याची नात आता बारावी झाली आहे. तिला अभियांत्रिकीला प्रवेश हवा, राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे. महाराष्ट्रात इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा दिवस ठरलेला आहे. त्या दिवसापूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात अमुक होती, याचा पुरावा लागतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. शेतकऱ्याच्या घरी सातबारा असतो, जुने फेरफार असतात, खरेदीखत असते. मागावर काम करणाऱ्याकडे यांतले काय असणार? जमीन नाही, घर भाड्याचे, शिधापत्रिका तीनदा बदललेली. आजोबांचा जन्म सुईणीच्या हातचा, नोंद कोणी केली नाही. शेवटी कोणीतरी सुचवते, आजोबा शाळेत गेले होते का? मग जुनी शाळा शोधली जाते, कपाट उघडले जाते आणि दोन वर्षांच्या त्या फसलेल्या शिक्षणाची एक ओळ सापडते. नाव, जात पद्मशाली, जन्मस्थळ सोलापूर, प्रवेश १९५४. आजोबांना ज्या शाळेने अक्षर दिले नाही, त्याच शाळेची नोंद नातीला महाविद्यालयाचे दार उघडून देते.

हे आहे शाळेचे सुप्त कार्य. जमीनजुमला नसलेल्या माणसाचा "मी कोण, कुठला, किती वर्षांचा" याचा पुरावा दोन पिढ्या सांभाळून ठेवण्याचे काम शाळांनी केले. ते कोणी सोपवले नव्हते, कोणी त्यासाठी वेतन दिले नव्हते, आणि करणाऱ्याला आपण ते करीत आहोत याची जाणीवही नव्हती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर गावोगावच्या शाळांची दप्तरेही उघडली गेली आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या त्या वादाविषयी कोणाचे मत काहीही असो, ज्या मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी त्या नोंदी बोरूने लिहिल्या, त्यांनी असा दिवस स्वप्नातही पाहिला नसेल.

सोलापूरच्या संदर्भात याहून कडवट उदाहरण सेटलमेंटचे आहे. इंग्रजी राजवटीने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना येथे काटेरी तारेच्या कुंपणात ठेवले होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. कुंपणाआडच्या नोंदींचे प्रकट कार्य पाळत ठेवणे हे होते. ज्या व्यवस्थेने माणसांची गणती संशयित म्हणून केली, त्याच काळातील कागद १९६१ पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा म्हणून त्यांच्या नातवंडांना उपयोगी पडू शकतो. संस्थेचा हेतू वाईट असूनही तिच्या एखाद्या परिणामाचा उपयोग होतो. हेतू आणि कार्य वेगळे मोजायचे ते यासाठी. अर्थात त्यामुळे ते कुंपण समर्थनीय ठरत नाही, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

पण सुप्त परिणाम नेहमी हितकारकच असतो असे नाही. मर्टन यांनी त्यासाठी अपकार्य हा वेगळा शब्द योजला. ३१ मेची गर्दी हे त्याचे सौम्य रूप. अनुभवी माणसांचा एक जथा एकाच दिवशी कार्यालयाबाहेर पडतो आणि त्यांच्या खुर्च्या महिनोन्महिने रिकाम्या राहतात. वैयक्तिक हानी त्याहून मोठी असते. गुरुजींनी अंदाजाने वय एक वर्षाने वाढवले असेल, तर त्या माणसाच्या नोकरीचे आणि वेतनाचे एक वर्ष गेले. शाळा सोडल्यानंतर ती नोंद बदलणे अतिशय दुष्कर. शासकीय सेवेत आल्यावर पाच वर्षांच्या आत अर्ज केला नाही तर तोही मार्ग बंद होतो. निवृत्ती जवळ आल्यावर जागे होणाऱ्यांना न्यायालयेही सहसा दाद देत नाहीत.

जातीच्या रकान्यात तर याहून गुंता आहे. पालकाने जे उच्चारले ते मास्तरांनी लिहिले. विणकराच्या मुलापुढे कोठे "पद्मशाली", कोठे "साळी", कोठे "तेलंगी", तर कोठे नुसते "हिंदू" असे लिहिलेले आढळते. भाषेलाच जात समजणारे मास्तर थोडे नव्हते. एखाद्या सुधारक गुरुजींनी जात लिहिणे मनाला पटत नाही म्हणून "हिंदू" एवढेच लिहिले असेल, तर त्यांचा हेतू निर्मळ होता. साऱ्या हिंदू समाजाची ओळख एकच असावी, हे तर समरसतेचे स्वप्न. परंतु त्या निर्मळ ओळीचा परिणाम असा, की नात समितीपुढे रिकाम्या हाताने उभी राहते. चांगल्या हेतूतून अपकार्य निपजते ते असे. समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने सेटलमेंटच्या उदाहरणाशेजारी हेही ठेवून पाहावे.

आणखी एक गोष्ट. सुप्त कार्य लोकांना कळले की ते सुप्त राहत नाही. १ जूनचे महत्त्व ध्यानात आल्यावर पालक हुशार झाले. पुढे नोकरीची दोन वर्षे जास्त मिळावीत म्हणून मुलाचे वय कमी सांगू लागले. तेव्हापासून तारीख लिहिणे हा हेतुपूर्वक केलेला व्यवहार झाला; वहीचा तो परिणाम पालकापुरता प्रकट झाला. जातीच्या नोंदीबाबत हेच घडले आणि तेथे खाडाखोडही आली. म्हणून जात पडताळणी समितीचे दक्षता पथक केवळ दाखल्याच्या प्रतीवर विसंबत नाही, तर मूळ वही पाहते. एका ओळीची शाई वरच्या-खालच्या ओळींहून वेगळी आहे का, अक्षर त्याच मास्तरांचे आहे का, दोन ओळींच्या मध्ये शब्द कोंबला आहे का, अनुक्रमांक आणि प्रवेशाची तारीख यांचा क्रम जुळतो का, हे तपासले जाते. जितकी नोंद जुनी तितके तिचे वजन अधिक, आणि त्याचे कारण नेमके सुप्ततेत आहे. १९३० सालच्या मास्तरांना खोटे लिहिण्याचे काही कारणच नव्हते. ज्या नोंदीचा पुढे काय उपयोग होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, तिच्यावर समाज अधिक विश्वास ठेवतो.

मग एखाद्या संस्थेचे सुप्त कार्य ओळखायचे कसे? उपयोगी कसोटी अशी, की ती संस्था उद्या बंद झाली तर प्रकट कार्याखेरीज आणखी काय थांबेल, हे विचारावे. कमी पटाची शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत पाठवायचे ठरते, तेव्हा चर्चा होते ती शिकवण्याची. अंतर किती, शिक्षक किती, वाहन मिळेल का. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्या शाळेच्या कपाटातील सत्तर-ऐंशी वर्षांच्या वह्या कोणाच्या ताब्यात जाणार, ओल आणि वाळवी यांपासून त्यांना कोण जपणार, आणि तीस वर्षांनी एखाद्या नातवाने विचारले तर उतारा कोणाच्या सहीने मिळणार, याची विचारणा त्या बैठकीत क्वचितच होते. शिकवणे शेजारच्या शाळेत हलवता येते. वही हरवली तर ती पुन्हा लिहिता येत नाही.

भटक्या कुटुंबांबाबत ही कसोटी अधिकच बोलकी आहे. पालावर जन्मलेल्या मुलाला गाव नसते, घरक्रमांक नसतो, जन्माची नोंद बहुधा नसते. सोलापूरहून तुळजापूरकडे गेले की यमगरवाडीला भटके-विमुक्तांच्या मुलांसाठी चालणारी निवासी शाळा लागते. अशा शाळेचे प्रकट कार्य शिकवणे आणि सांभाळणे हेच आहे. पण पारधी मुलाचे नाव जेव्हा तेथील वहीत चढते, तेव्हा त्याच्या घराण्यात कदाचित प्रथमच कोणाचे तरी नाव पोलिसी दप्तराबाहेरच्या कागदावर उमटते.

राहता राहिले रुग्णालय. जन्माची नोंद खरे तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे एकवीस दिवसांत व्हायला हवी. प्रसूती घरी झाली तर नोंदीची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, रुग्णालयात झाली तर रुग्णालयाची. जोवर बाळंतपणे घरी होत, तोवर कायदा कागदावर राहिला आणि काम शाळेकडे आले. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे दवाखान्यात व्हावीत यासाठी पैसे देण्यास आरंभ केला. माता आणि बालक वाचावे हा तिचा हेतू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. आई गेली ती सुखरूप सुटका व्हावी म्हणून. तिच्या नकळत बाळाची तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद झाली. कायद्याच्या दृष्टीने हे रुग्णालयाचे प्रकट कर्तव्य, आईच्या दृष्टीने सुप्त. म्हणून कार्य प्रकट की सुप्त हे विचारताना "कोणाला?" हेही विचारावे लागते.

येथेही अपकार्य आहेच, आणि ते माहेरपणातून येते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. जन्माची नोंद मात्र जेथे जन्म झाला तेथे होते. सासर पुण्याला असले तरी बाळाचा दाखला सोलापुरातच मिळणार. घाईत आईचे माहेरचे नाव लागते, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग चुकते, कन्नड बोलणाऱ्या अक्कलकोटकडच्या आजीने सांगितलेले नाव कारकुनाने ऐकले तसे लिहिले जाते, आणि बाळाचे नाव ठरलेले नसल्याने तो रकाना रिकामाच राहतो. हे सारे लक्षात येते ते मूल शाळेत घालताना, म्हणजे पाच-सहा वर्षांनी. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी त्या अर्जावर एकदा नजर फिरवणे, एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने हे टळते.

२०२३ साली या अधिनियमात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी इत्यादींकरिता जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला. शाळेच्या वहीने नकळत उचललेला भार कायद्याने उघडपणे दुसरीकडे दिला. जात आणि पूर्वजांचा रहिवास यांसाठी जुन्या वह्या लागतच राहतील; जन्मतारखेपुरते मात्र मास्तरांचे काम संपत आले आहे. १ जून १९७५ ही तारीख ज्यांच्या दाखल्यावर आहे आणि जे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार आहेत, त्यांचा निरोप समारंभ ३१ मे २०३३ रोजी होईल. त्यानंतर काही वर्षांत ती गर्दी हळूहळू ओसरत जाईल.